वाचायचं ते लहान काट्यापासून

पाण्याच्या मीटरवर एकच मोजमाप दोन तऱ्हांनी दाखवलेलं असतं. वरच्या खिडकीत काळ्या अंकांची चाकं असतात. ती पूर्ण घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटर मोजतात. खाली तीन-चार छोट्या तबकड्या आणि त्यांत लाल काटे. पहिल्या काट्याचं एक घर म्हणजे शंभर लिटर, दुसऱ्याचं दहा, तिसऱ्याचं एक आणि चौथ्याचं शंभर मिलिलिटर. सगळे काटे आणि सगळी चाकं एकमेकांना दात्यांनी जोडलेली असतात. चौथा काटा दहा घरं फिरला की तिसरा एक घर सरकतो, तिसरा दहा घरं फिरला की दुसरा एक घर. एकाही भागाला आपल्या मर्जीने फिरता येत नाही. या लेखात कॅमेरा, वायफाय आणि डॅशबोर्ड येणार आहेत; पण कॅमेऱ्याने वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो या दात्यांमुळेच.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात चोवीस घरांची एक सोसायटी आहे. पालिकेचं पाणी सकाळी दोन-अडीच तास येतं आणि जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून पंपाने ते गच्चीवर जातं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रमाण आकडा. घरटी चार माणसं धरली तर या इमारतीला रोज सुमारे तेरा घनमीटर पाणी लागतं. ते पूर्ण आलं नाही तर टँकर मागवावा लागतो, आणि टँकर सकाळी साडेआठच्या आत सांगितला तरच दुपारपर्यंत येतो. सेक्रेटरी बाईंची अडचण नेमकी हीच होती. पाणी कमी आलं हे त्यांना कळायचं गच्चीवरची टाकी रिकामी झाल्यावर, संध्याकाळी.

मीटर होताच. गेटजवळच्या चेंबरमध्ये, लोखंडी झाकणाखाली, पंचवीस मिलिमीटरचा, साधा यांत्रिक. त्याच्याकडे सकाळी साडेसातला कुणी पाहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. वॉचमन काकांना ते काम सांगून पाहिलं. पण झाकण जड, खाली अंधार, आणि काचेवर ओल. वहीत चार दिवस आकडे आले, मग रकाना मोकळा राहू लागला. सोसायटीतलाच एक तरुण भोसरीच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. तो म्हणाला, "काकांना कशाला उतरवायचं? मीटरसमोर कॅमेरा बसवू."

कॅमेराच का, हा प्रश्न आधी निकालात काढायला हवा. मीटरची फिरती चाती थेट मोजणं जास्त सोपं आणि जास्त अचूक असतं. ज्या मीटरला पल्सची वायर निघते, त्याला कॅमेरा लावणं म्हणजे वाया घालवलेली मेहनत. घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर ३२०० इम्पल्स छापलं असेल तर तितक्या वेळा तो लुकलुकला की एक युनिट. तिथे दिव्यावर प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर चिकटवला की झालं. पण या चेंबरमधल्या मीटरला वायर नव्हती, आणि तो सोसायटीच्या मालकीचाही नव्हता. त्यावर पालिकेचं सील होतं. सील तोडणं हा गुन्हा, आणि मीटर बदलून घ्यायचा तर अर्ज, तपासणी, खर्च. कॅमेरा सीलला हात लावत नाही, पाण्याला हात लावत नाही. माणूस जे करतो तेच तो करतो, बाहेरून पाहतो. महावितरणची माणसं मोबाइलवर मीटरचा फोटो काढतात आणि तो बिलावर छापूनही यायचा, हे बहुतेक वाचकांनी पाहिलं असेल. इथे फोटो दर पाच मिनिटांनी निघतो आणि फोटो काढणारी वस्तूच आकडा वाचते, एवढाच फरक.

ती वस्तू म्हणजे ईएसपी३२-कॅम नावाचा बोर्ड. काडेपेटीहून लहान, किंमत काही शे रुपये, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, वायफाय, मेमरी कार्डाची खाच आणि एक छोटा पण डोळे दिपवणारा पांढरा दिवा. त्याच्यासाठी जर्मनीत सुरू झालेला एक खुला प्रकल्प आहे, `AI-on-the-edge-device`. खासगी, बिगरव्यावसायिक वापरासाठी तो फुकट घेता येतो. त्याचं वैशिष्ट्य असं, की फोटो कुठल्या दूरच्या संगणकाकडे जात नाही. वाचन बोर्डावरच होतं आणि बाहेर पडतो तो फक्त आकडा.

बसवण्याच्या कामात सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ हार्डवेअरच्या दुकानात आणि चेंबरमध्ये गेला. कॅमेऱ्याची लेन्स कारखान्यातून दूरचं स्पष्ट दिसेल अशी गोंदाने पक्की करून येते. मीटर तर दहा-बारा सेंटिमीटरवर. मग ब्लेडच्या टोकाने गोंद सोडवून लेन्स अगदी थोडी बाहेर फिरवावी लागते. अर्ध्या फेऱ्याच्या आतच प्रतिमा स्पष्ट होते. जास्त फिरवली तर ती पुन्हा पुसट होते. कॅमेरा हलू नये आणि बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापला, वर एंड कॅप बसवली, कॅपमध्ये बोर्ड, आणि ही नळी मीटरच्या तोंडावर उभी केली. सांधे एम-सीलने भरले, कारण चेंबरमध्ये मुंग्या येतात आणि कोळी तर नक्की येतो. जाळ्याचा एक धागा काट्यावर आडवा आला की कॅमेऱ्याला दोन काटे दिसतात.

मग दिव्याचा त्रास. बोर्डावरचा दिवा लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे त्याचा झोत मीटरच्या काचेवरून सरळ लेन्समध्ये परततो. फोटोत नेमक्या तिसऱ्या तबकडीवर पांढरा गोळा दिसत होता. दिव्याचा जोर कमी करून गोळा लहान झाला, पण बाकीचे अंक काळवंडले. शेवटी मूळ दिवा बंद ठेवून नळीच्या आतल्या भिंतीला, मीटरच्या जवळ, बाजूने उजेड देणारे छोटे एलईडी लावले आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला. तिरका आणि विखुरलेला उजेड काचेवरून लेन्सकडे परतत नाही. चांगल्या वाचनाचा निम्मा भाग इथेच ठरतो. ज्या फोटोत माणसाला अंक वाचायला डोळे बारीक करावे लागतात, त्या फोटोतून कुठलंही सॉफ्टवेअर नीट वाचणार नाही.

वीज वॉचमनच्या केबिनमधून आणली. सुरुवातीला मोबाइल चार्जरची लांब, बारीक वायर ओढली होती. फोटोच्या वेळी दिवा आणि वायफाय एकदम वीज ओढतात, वायरीतच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. संगणकाला जोडून पाहिलं की `Brownout detector was triggered` एवढीच ओळ येते. जाड वायर घातली आणि चार्जर दोन अँपियरचा घेतला, तेव्हा तो प्रश्न संपला. लोखंडी झाकण वायफाय अडवतं, म्हणून बाहेरचा अँटेना जोडून त्याची वायर चेंबरच्या कडेच्या फटीतून वर काढली. त्यासाठी बोर्डावरचा वाळूच्या कणाएवढा एक रेझिस्टर सोल्डरने उचलून शेजारच्या जागेवर बसवावा लागतो. ते काम हात स्थिर असलेल्या माणसानेच करावं.

आता वाचन. फोटो निघाला की सॉफ्टवेअर सर्वांत आधी तो सरळ करतं. तबकडीवरच्या दोन न हलणाऱ्या खुणा आधीच निवडून ठेवलेल्या असतात. इथे एक घनमीटरचं चिन्ह आणि दुसरी कंपनीच्या चिन्हाचा कोपरा. प्रत्येक फोटोत त्या शोधून, फोटो किती सरकला आणि किती वळला ते काढून, तो मूळ जागी आणला जातो. मग ठरलेल्या चौकटी कापल्या जातात, प्रत्येक अंकासाठी एक आणि प्रत्येक काट्यासाठी एक. अंकाची चौकट आक्रसून वीस बाय बत्तीस ठिपक्यांची होते, काट्याची बत्तीस बाय बत्तीस. एवढ्याशा चित्रावर मीटरच्या असंख्य फोटोंनी शिकवलेलं न्यूरल नेटवर्क चालतं. अंकांच्या एका नेटवर्कला दहाऐवजी अकरा उत्तरं देता येतात: शून्य ते नऊ, आणि अकरावं 'वाचता येत नाही'. हे अकरावं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. खात्री नसताना आकडा ठोकून देणाऱ्या यंत्रापेक्षा गप्प बसणारं यंत्र बरं.

काट्याच्या नेटवर्कमध्ये एक सुंदर युक्ती आहे. काटा ९.९ वर असणं आणि ०.१ वर असणं हे तबकडीवर अगदी शेजारी, पण आकड्यांत दोन टोकांना. नेटवर्कला थेट शून्य ते दहा असा आकडा सांगायला शिकवलं, तर शून्याजवळच्या काट्याला ते गोंधळून मधलंच काही, पाचबिच, सांगू लागतं. म्हणून त्याच्याकडून आकडा मागतच नाहीत. कोनाचा साइन आणि कोसाइन अशी दोन उत्तरं घेतात आणि त्यांवरून कोन काढतात. वर्तुळावर ही दोन उत्तरं कुठेही तुटत नाहीत, त्यामुळे शून्याची सीमा काटा सहज ओलांडतो.

एका सकाळचं वाचन पूर्ण पाहू. चाकांवर ०२८४, आणि शेवटचं एककाचं चाक ७ आणि ८ यांच्या मधोमध अडकलेलं. काटे: पहिला ९.६, दुसरा ६.२, तिसरा २.१, चौथा १.३. एकक ७ धरायचा की ८? चुकलो तर हजार लिटरची चूक, म्हणजे चोवीस घरांच्या जवळजवळ दोन तासांच्या पाण्याची. नुसत्या चाकाकडे पाहून याचं उत्तर मिळत नाही, कॅमेरा कितीही चांगला असला तरी. उत्तर शेजारच्या काट्याकडे आहे. पहिला काटा ९.६ वर, म्हणजे त्याने अजून शून्य ओलांडलेलं नाही, हजार लिटर पुरे झालेले नाहीत. चाक पुढे निघालंय, पण पोहोचलेलं नाही. म्हणून एकक ७. वाचन २८४७.९६२१.

पालिकेत आयुष्यभर मीटर वाचलेले, आता निवृत्त झालेले एक काका याच रस्त्यावर राहतात. त्यांना हा फोटो दाखवला. क्षणभरही न थांबता त्यांनी तेच वाचन सांगितलं आणि म्हणाले, "मोठ्याकडे आधी बघायचंच नाही. लहान काट्यापासून वर जायचं. लहान शून्य ओलांडून गेला नसेल, तर मोठा पुढच्या आकड्याला चिकटलेला दिसला तरी मागचाच आकडा लिहायचा." तरुणाने सॉफ्टवेअरमधला नियम त्यांना वाचून दाखवला. तो हाच होता.

नियम काट्यांनाही लागू होतो आणि तिथे तो आणखी कामाचा ठरतो. समजा पहिला काटा ३.१ वाचला गेला आणि दुसरा ९.४. पहिला खरोखर ३.१ वर असता तर दुसरा एकच्या आसपास हवा होता, कारण पहिल्याचा अपूर्णांक म्हणजेच दुसऱ्याचं स्थान. दुसरा ९.४ वर आहे म्हणजे पहिला खरं तर २.९४ वर असायला हवा. दात्यांमधली ढिलाई आणि वाचनातली किंचित चूक मिळून तो पुढे दिसतोय. म्हणून पहिल्याचा अंक २. ३ धरला असता तर शंभर लिटर उगाच वाढले असते. एक अडचण मात्र मीटरच्या बनावटीची आहे. पहिला काटा कुठे पोहोचला की एककाचं चाक हलायला लागतं, हे प्रत्येक मीटरमध्ये वेगळं असतं. बऱ्याच मीटरांत ते ९ च्या थोडं पुढे घडतं, काहींत त्याच्या बरंच आधी. सॉफ्टवेअरमध्ये हा बिंदू सांगता येतो, आणि तो आपल्या मीटरचे काही फोटो ओळीने पाहूनच ठरवायला हवा. तसं केलं नाही तर दर हजार लिटरला एकदा, ठरावीक जागी चूक होते. चूक अशी एकाच जागी परत परत आली, तर कॅमेऱ्याऐवजी या बिंदूवर संशय घ्यावा.

वाचन जुळलं तरी ते लगेच स्वीकारलं जात नाही. मागच्या वाचनाशी ताडून पाहिलं जातं. पाण्याचा मीटर उलटा फिरू नये, आणि पाइपातून जाऊ शकतं त्याहून जास्त पाणी पाच मिनिटांत जाऊ नये, असे दोन निर्बंध असतात. पंचवीस मिलिमीटरच्या अशा मीटरचा सर्वाधिक प्रवाह ताशी सात घनमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ०.११७. तरुणाने मर्यादा ०.१२ ठेवली. हिशोब बरोबर होता. तरीही रोज सकाळी पहिलं वाचन नाकारलं जाऊ लागलं. नोंदीत `Rate too high`.

कारण आपल्या पाणीपुरवठ्यात होतं. ज्या देशात हे सॉफ्टवेअर तयार झालं, तिथे पाइप दिवसरात्र भरलेला असतो. आपल्याकडे तो एकवीस-बावीस तास रिकामा असतो. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की येणारं पाणी पाइपातली हवा पुढे ढकलतं, आणि ती हवा मीटरची चाती पाण्यापेक्षा जोरात फिरवते. एका सकाळच्या नोंदी पाहिल्या. पहिल्या पाच मिनिटांत मीटर ०.७४ घनमीटर पुढे गेला, म्हणजे मिनिटाला ०.१४८. पुढच्या पाच मिनिटांत ०.४२, म्हणजे ताशी पाच घनमीटरचा रोजचा प्रवाह. पहिलं वाचन मर्यादेबाहेर म्हणून नाकारलं. दहा मिनिटांनंतर एकूण १.१६, मिनिटाला सरासरी ०.११६, म्हणून स्वीकारलं. वेळेनुसार दर पाहण्याची सोय निवडलेली असल्यामुळे गाडी पुढे गेली. दोन वाचनांतला फरकच मोजायची दुसरी सोय निवडली असती, तर फरक वाढतच गेला असता, प्रत्येक वाचन नाकारलं गेलं असतं आणि डॅशबोर्डवर कालचाच आकडा दिवसभर गोठून राहिला असता.

आता मर्यादा वाढवायची का, यावर सोसायटीत चर्चा झाली. सेक्रेटरी बाईंचं म्हणणं, हवेचं पाणी कशाला मोजायचं? निवृत्त मीटरवाल्या काकांनी उत्तर दिलं: "बाई, बिल मीटरवर येतं. मीटरने हवा मोजली तर बिलात हवा आहे." ते बरोबर आहे. कॅमेऱ्याचं काम मीटर दाखवतो ते नोंदवणं. मीटर काय चुकीचं मोजतो हा वेगळा प्रश्न, आणि तो पालिकेपुढे मांडायचा तर अशाच नोंदी हाताशी लागतात. मर्यादा ०.२ केली. दुसरा निर्बंधही सैल करावा लागला. पुरवठा बंद होताना पाइप रिकामा होतो; टाकीत पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर पाणी थोडं मागे ओढलं जातं आणि मीटर काही लिटर उलटा फिरतो. सॉफ्टवेअर त्याला `Neg. Rate` म्हणून नाकारत होतं. उलट फिरण्याला परवानगी दिली, आणि टाकीतलं पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर उचलून घेतलं. पाणी टाकीतून मागे पाइपात जाऊ नये यासाठी ते तसंही करायलाच हवं होतं.

बोर्डाकडून बाहेर जातो तो संदेश असा दिसतो:

```json
{"value":"2847.9621","raw":"02847.9621",
 "pre":"2847.5412","error":"no error",
 "rate":"0.084180"}
```

`raw` म्हणजे डोळ्याला दिसलं ते, `pre` म्हणजे मागचं मान्य वाचन, `value` म्हणजे तपासून मान्य झालेलं. केबिनमधल्या जुन्या संगणकावर हे संदेश झेलणारा मॉस्किटो नावाचा कार्यक्रम आहे आणि आलेख दाखवायला होम असिस्टंट. बाईंच्या मोबाइलवर दोनच गोष्टी दिसतात: आज आलेलं पाणी आणि सध्याचा प्रवाह. साडेसातला आकडा आठ घनमीटरच्या खाली असेल तर सूचना येते. टँकर आता सकाळीच सांगितला जातो.

डॅशबोर्डवरही एक मोठी चूक होऊ शकते, आणि ती अनेकांच्या घरी झालेली आहे. होम असिस्टंटमध्ये सतत वाढणाऱ्या मीटरसाठी `total_increasing` असा प्रकार निवडतात. आकडा बराच खाली आला की तो कार्यक्रम समजतो, मीटर शून्यावर जाऊन पुन्हा सुरू झाला. समजा तपासणी बंद आहे आणि एकदाच शेवटचा अंक हरवून २८४७ ऐवजी २८४ वाचलं गेलं. कार्यक्रम शून्यापासूनचे २८४ वापरात धरतो. पुढचं वाचन बरोबर येतं, २८४८. तो आणखी २५६४ धरतो. एका चुकीच्या फोटोने त्या दिवसाच्या खात्यात २८४८ घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठावीस लाख लिटर पाणी चढतं, आणि महिन्याच्या आलेखात बाकीचे दिवस जमिनीला चिकटतात. म्हणून डॅशबोर्डकडे पाठवायचं ते `value`, कधीही `raw` नाही. आणि वाचन नाकारलं गेलं तर आलेखात खाच दिसू द्यावी. मागचा आणि पुढचा बिंदू सरळ रेषेने जोडून ती झाकू नये. खाच पाहूनच कळतं की काचेवर ओल धरली आहे. शिवाय चुकलेल्या वाचनांचे फोटो कार्डावर साठवायची सोय चालू ठेवावी. कारण शोधायला दुसरं काही लागत नाही.

या तरुणाच्या कारखान्यात दुसरा प्रयोग चालू होता, तोही पाहिला. पंपाच्या लाइनवर प्रेशर गेज आहे, शून्य ते दहा किलो. असं गेज आतून म्हणजे वाकवलेली चपटी नळी. दाब वाढला की ती सरळ व्हायला पाहते आणि काटा फिरवते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही ती जवळजवळ तशीच आहे. इथे चाकं नाहीत, दुसरा काटा नाही. शून्यापासून दहापर्यंत काटा २७० अंश फिरतो, म्हणजे सत्तावीस अंशांना एक किलो. कोन मोजला की दाब आला. इतकं सोपं असूनही मला हे वाचन पाण्याच्या मीटरपेक्षा अवघड वाटतं, कारण साक्ष द्यायला शेजारी कुणी नाही.

काट्याला मागे शेपूट असते, तोल सांभाळायला. सॉफ्टवेअरने काट्याऐवजी शेपूट पकडली तर कोन १८० अंशांनी चुकतो. दाब पाच किलो असेल तर चुकलेला कोन तबकडीच्या खालच्या मोकळ्या भागात जातो, जिथे आकडेच नाहीत, आणि चूक लगेच पकडली जाते. पण दाब दोन किलो असेल तर शेपूट ८.६७ किलोवर असते, आणि तो आकडा अगदी खरा वाटतो. हिशोब केला तर साधारण ३.३ ते ६.७ किलो एवढ्याच पट्ट्यात ही चूक आपोआप उघडी पडते. म्हणून हा तरुण तबकडीचं वर्तुळ उलगडून सरळ पट्टी करतो आणि काटा फक्त बाहेरच्या कडेच्या पट्ट्यात शोधतो. शेपूट तिथपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी बाब कॅमेऱ्याच्या जागेची. गेज भिंतीजवळ आणि समोर पाइप, म्हणून कॅमेरा तीस अंश तिरका लावला होता. तिरकं पाहिलं की वर्तुळ लंबगोल होतं आणि काही जागी कोन चार अंशांपर्यंत चुकतो, म्हणजे ०.१५ किलो. हे फार आहे का? नेहमीचं गेज १.६ वर्गाचं असतं, म्हणजे त्याची स्वतःचीच मान्य चूक दहा किलोवर ०.१६. कॅमेरा तिरका लावून ही चूक जवळजवळ दुप्पट केली. सरळ समोर लावलेला कॅमेरा एका अंशाच्या आत, म्हणजे ०.०४ किलोच्या आत वाचतो. त्याहून जास्त अचूकतेसाठी धडपडण्यात अर्थ नाही, कारण गेजच तितकं अचूक नाही. जागा नसेल तर तबकडीवरच्या चार खुणांवरून लंबगोल पुन्हा गोल करून घ्यावा. आणि एक तपासणी इथेही आहे: पंप बंद करून लाइन मोकळी केली की काटा शून्याच्या खिळ्याला टेकायला हवा. रोज त्या वेळचं वाचन शून्य येत नसेल तर कॅमेरा हलला आहे किंवा गेज बिघडलं आहे.

एका गोष्टीवर मी या तरुणाशी पूर्ण सहमत आहे. अशा वाचनावर पंप बंद करणं, बॉयलरचा अलार्म वाजवणं, असलं काही कधीही बेतू नये. पाच मिनिटांतून एकदा पाहणाऱ्या कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा दाबाचा झटका दिसत नाही, आणि वायफाय गेलं तर काहीच दिसत नाही. ते काम प्रेशर स्विचचं आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं. कॅमेरा नोंद ठेवण्यासाठी आहे.

घरी किंवा सोसायटीत हे बसवायचं मनात असेल, तर पहिले काही आठवडे रोज एकदा झाकण उघडून मीटर स्वतः वाचा, फोटोवरून नव्हे, डोळ्यांनी, लहान काट्यापासून, आणि वहीत वेळेसह लिहा. तुमचा आकडा आणि डॅशबोर्डचा आकडा शेवटच्या लिटरपर्यंत जुळू लागला, चाक अर्धवट फिरलेलं असतानाही जुळला, पाणी सुरू होताना आणि बंद होताना जुळला, की मग महिन्यातून एकदा पाहिलं तरी चालेल. काच मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला पुसा.